नवाचा ताळा जमला, तरी गुणाकार चुकला. असं कसं?

मोजपट्टी:
मुलगी सहावीत आहे. मोठे गुणाकार तिचे तिला तपासता यावेत म्हणून मी लहानपणी शिकलेला नवाचा ताळा तिला दाखवला. संख्येतल्या अंकांची बेरीज करायची, आलेल्या बेरजेतल्या अंकांची पुन्हा बेरीज, असं एकच अंक उरेपर्यंत. दोन्ही संख्यांचे उरलेले अंक एकमेकांशी गुणायचे आणि त्याचाही एक अंक करायचा. उत्तराचाही तोच अंक आला की ताळा जमला.

काल तिनं ४७३८ × ६२९ केलं. ४७३८ ची बेरीज २२, म्हणजे ४. ६२९ ची १७, म्हणजे ८. चार आठे बत्तीस, म्हणजे ५. तिचं उत्तर आलं होतं २८९४९१८. अंकांची बेरीज ४१, म्हणजे ५. ताळा जमला, म्हणून ती खूश होऊन उठली.

मग मी सहज कॅलक्युलेटरवर करून पाहिलं तर २९८०२०२. याच्या अंकांची बेरीज २३, म्हणजे हेही ५! तिनं विचारलं, "मग ताळा करायचाच कशाला?" मला उत्तर देता आलं नाही. हा योगायोग आहे, की पद्धतीतच काही खोट आहे?

सावकाश:
योगायोग. एक अंक करून उरणार ते १ ते ९ पैकीच काहीतरी. त्यामुळे चुकीचं उत्तरसुद्धा नऊ वेळांमध्ये एकदा आपोआप जुळणारच. नवात आठ वेळा चूक सापडते, म्हणजे साधारण ८९ टक्के. कागदावरच्या तपासणीला इतकं पुष्कळ झालं. लेकीला सांगा, त्या दिवशी नशीब आडवं आलं.

चांदणरात:
माझा जरा गोंधळ झालाय. अंकांची बेरीज ९ च्या पटीत आली तरच संख्येला ९ ने भाग जातो ना? इथे ४१ आणि २३, दोन्हींना ९ ने भाग जात नाही. मग ताळा जमला असं कसं म्हणायचं?

मोजपट्टी:
@चांदणरात, भाग जातो का हे इथे बघायचंच नाहीये. भाग देऊन बाकी किती उरते, ते बघायचंय. ४१ ला ९ ने भागलं तर बाकी ५, २३ ला भागलं तरी ५. दोन्ही बाजूंची बाकी सारखी असली की झालं.

पाटीवरचा_खडू:
मोजपट्टी, मुलीनं मांडलेल्या ओळी जशाच्या तशा इथे लिहाल का? नुसत्या उत्तरावरून सांगता येईल, पण ओळी पाहिल्या तर खात्रीनं सांगता येईल. माझा अंदाज आहे की हा योगायोग नाही.

मोजपट्टी:
वही समोरच आहे.

९ ने गुणून: ४२६४२
२ ने गुणून: ९४७६
६ ने गुणून: २८४२८, आणि पुढे दोन शून्यं

अरे! दुसऱ्या ओळीला एक शून्य द्यायचं राहिलंय. ९४७६० हवं होतं. तिनं ते एककाखालीच मांडलं. बाकी पाढे, हातचे, बेरीज सगळं बरोबर आहे.

पाटीवरचा_खडू:
तेच वाटलं होतं. आता हे नीट समजून घ्या, कारण मोठ्या गुणाकारात मुलांची नेहमी होणारी चूक ही, आणि नवाच्या ताळ्याला नेमकी हीच दिसत नाही.

अंकांची बेरीज करून नवाची बाकी का मिळते? १० म्हणजे ९ + १. १०० म्हणजे ९९ + १. १००० म्हणजे ९९९ + १. दशकाच्या घरातले ७ म्हणजे ७ वेळा १०, म्हणजे ७ वेळा ९ आणि वर ७. नवाचे गठ्ठे टाकून दिले की ७ उरले. शतकाच्या घरातले ७ घेतले तरी ७ वेळा ९९ टाकून उरतात ७ च. म्हणजे अंक कुठल्याही घरात असो, त्याच्यामागे तेवढेच उरतात. बेरीज करून काम भागतं ते याचमुळे.

पण त्यातूनच हेही निघतं की नवाला घर दिसत नाही. अंक कोणते एवढंच त्याला कळतं, ते कुठे बसलेत हे कळत नाही. ९४७६ आणि ९४७६० त्याच्या लेखी एकच. अख्खी ओळ एक घर सरकली तरी ताळा जमणारच. नवात एकदा नव्हे, प्रत्येक वेळी.

त्यामुळे तुमच्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर असं: तिनं ताळा बरोबर केला, फक्त ती चूक त्याच्या टप्प्यात नव्हती. हातचा विसरला, पाढा चुकला, ओळींच्या बेरजेत एखादा अंक हुकला, अशा चुकांत फरक बहुतेक वेळा एखादा लहान अंक किंवा त्यापुढे शून्यं एवढाच पडतो. तो नवाच्या पटीत नसतो. तिथे ताळा ओरडून सांगतो.

सावकाश:
@खडू, पटलं. पण माझा नवात एकचा हिशेबही चुकीचा नाही ना? कुठलंही चुकीचं उत्तर घेतलं तर जुळण्याची शक्यता तेवढीच असणार.

पाटीवरचा_खडू:
डोळे मिटून कुठलीही एक संख्या लिहिली तर हो, तुमचा हिशेब अगदी बरोबर. पण चुकणारा माणूस डोळे मिटून संख्या लिहीत नाही. तो ओळ सरकवतो, शेजारचे दोन अंक उलटसुलट करतो, शून्य गाळतो, एखादं जास्तीचं देतो. या चारही चुकांत फरक नेमका नवाच्या पटीतच येतो. म्हणून खऱ्या वहीतल्या चुकांना ८९ टक्क्यांचा आकडा लावता येत नाही. किती टक्के लागेल ते चुकणाऱ्याच्या सवयीवर ठरतं.

खतावणीकर:
अंक उलटसुलट झाल्याचा विषय निघालाच आहे तर लिहितो. हिशेब लिहिण्याच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. सगळं हातानंच. तेरीज जुळली नाही की आम्ही पहिली गोष्ट करायचो ती म्हणजे जमा आणि नावे या दोन बाजूंमधल्या फरकाला ९ ने भागून बघायचं.

एकदा ४५० चा फरक काही केल्या जाईना. नोंदींची बेरीज दोनदा केली, दोन्ही वेळा तेवढीच. ४५० ला ९ ने भागलं, ५० आले, बाकी काही नाही. पन्नासात शेवटी एक शून्य आहे, म्हणजे गडबड एककात नाही, दशक आणि शतकाच्या घरात. आणि पुढे ५ आहे, म्हणजे अदलाबदल झालेल्या दोन अंकांत ५ चा फरक. आता सगळ्या नोंदी वाचायची गरज नाही. जिथे शतक आणि दशकात पाचाचा फरक आहे तेवढ्याच बघायच्या. पाचेक मिनिटांत सापडली: ५८३२ ची रक्कम खातं उतरवताना ५३८२ झाली होती.

दुसरी चूक घर सरकण्याची. १२४० च्या जागी १२४ लिहिलं तर फरक १११६ येतो. त्याला ९ ने भागलं की १२४. म्हणजे भागाकारच सांगतो की १२४ ही नोंद शोधा! हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.

मात्र फरकाला ९ ने भाग गेला म्हणजे चूक याच दोन प्रकारांतली, असं नाही. ४५० ची एखादी नोंदच राहून गेली असली तरी फरक ४५० च येणार. त्यामुळे आधी त्या रकमेची नोंद आहे का ते बघायचं आणि मग पुढचं.

मोजपट्टी:
खतावणीकर, तुमचं वाचून लगेच वजाबाकी केली. २९८०२०२ उणे २८९४९१८ बरोबर ८५२८४. त्याला ९ ने भागलं तर ९४७६!!! जी ओळ सरकली तीच ओळ जशीच्या तशी बाहेर आली. मुलीला दाखवलं तर तिनं माझ्या हातातून पेन्सिल घेऊन स्वतः पुन्हा भागून बघितलं.

पाटीवरचा_खडू:
वा! तसंच येणार. दहापट हवी होती ती एकपट मांडली, म्हणजे नऊपट कमी पडली.

जुनी_वही:
नवाला जे दिसत नाही ते अकराला दिसतं. आमच्या घरी दोन्ही ताळे करायची पद्धत होती. अकराचा असा: उजवीकडून सुरुवात, पहिला अंक मिळवा, दुसरा वजा, तिसरा मिळवा, चौथा वजा. उणे आलं तर ११ मिळवा, अकरा किंवा जास्त आलं तर ११ काढा.

४७३८: ८ − ३ + ७ − ४ = ८
६२९: ९ − २ + ६ = १३, म्हणजे २
गुणाकार १६, म्हणजे ५
खरं उत्तर २९८०२०२: २ − ० + २ − ० + ८ − ९ + २ = ५. जमलं.
मुलीचं उत्तर २८९४९१८: ८ − १ + ९ − ४ + ९ − ८ + २ = १५, म्हणजे ४. फुटलं!

एक मिळवायचा, एक वजा करायचा, त्यामुळे घर सरकलं की चिन्ह उलटतं. अकराच्या हातून काहीही सुटत नाही.

हे ताळे फार जुने आहेत, तेही सांगायला हवं. दुसऱ्या आर्यभटानं (पहिला तो नव्हे, हा साधारण इ. स. ९५० च्या सुमाराचा) महासिद्धान्तात नवाचा ताळा दिला आहे. फिबोनाचीच्या १२०२ सालच्या ग्रंथातही नवाचा ताळा आहे. आणि नारायण पंडितानं १३५६ मधल्या गणितकौमुदीत सांगितलं की नऊच कशाला, मनाला येईल ती संख्या घ्या आणि तिची बाकी ताडून पाहा. मला हे शेवटचं सगळ्यात मोठं वाटतं. नऊ आणि अकरा आपण घेतो ते केवळ भागाकार न करता बाकी मिळते म्हणून.

तिरपी_रेघ:
@जुनी_वही, इतिहास आवडला, पण "काहीही सुटत नाही" याला हरकत आहे. घर दोनदा सरकलं तर चिन्ह दोनदा उलटतं, म्हणजे पुन्हा जागच्या जागी येतं.

४७३८ × ६००९ घ्या. खरं उत्तर २८४७०६४२. आता मधल्या दोन शून्यांकडे लक्षच गेलं नाही आणि सहाची ओळ नवाच्या ओळीनंतर फक्त एक घर सोडून मांडली, तर ३२६९२२ येतं. नवाची बाकी: अपेक्षित ६, आली ६. अकराची: अपेक्षित २, आली २. दोन्ही ताळे जमले आणि उत्तर पार चुकलेलं.

जुनी_वही:
मान्य. दोन घरांचा विचार मी केलाच नव्हता. आता करून पाहिलं, एक घर सोडून पलीकडच्या दोन अंकांची अदलाबदल झाली तरी अकरा गप्पच बसतो.

सावकाश:
पण ३२६९२२ हे उत्तर मान्य कोण करेल? ४७३८ च्या सहा हजार पट म्हणजे पाच हजार गुणिले सहा हजारच्या जरा अलीकडे, जवळपास तीन कोटी. हातात आलेत सव्वातीन लाख. ताळ्याच्या आधी अंदाज बांधला असता तर दोन शून्यांची चूक तिथेच दिसली असती.

पाटीवरचा_खडू:
@सावकाश, हा मुद्दा फार मोलाचा. मोठी चूक अंदाजात सापडते आणि बारीक चूक ताळ्यात. मोजपट्टींच्या गुणाकारात मात्र खरं उत्तर साडेएकोणतीस लाखांच्या वर आणि चुकलेलं एकोणतीस लाखांच्या जरा खाली. अंदाजानं ती चूक सापडली नसती. तिथे अकराच हवा.

चांदणरात:
आता मला बाकीचं कळलं! एक शंका. दशांश चिन्ह असेल तर काय करायचं? ४७.३८ × ६.२९?

तिरपी_रेघ:
चिन्ह विसरून ताळा करायचा. पण मग चिन्ह कुठे बसलं ते ताळ्याला कळणार नाही. ते अंदाजानं, किंवा दशांशस्थळं मोजून.

दुडक्या_चालीनं:
नऊ आणि अकरा असे दोन ताळे वेगवेगळे करण्यापेक्षा मी एकच करते, ९९ चा. उजवीकडून दोन-दोन अंकांच्या जोड्या पाडायच्या आणि त्यांची बेरीज करायची. बेरीज तीन अंकी झाली की पुन्हा जोड्या.

४७ + ३८ = ८५. ६ + २९ = ३५. ८५ × ३५ = २९७५, त्याचे २९ + ७५ = १०४, त्याचे १ + ४ = ५.
खरं उत्तर: २ + ९८ + ०२ + ०२ = १०४, म्हणजे ५.
मुलीचं: २ + ८९ + ४९ + १८ = १५८, म्हणजे १ + ५८ = ५९.

५ हवे होते, आले ५९. शिवाय त्या दोघांतला फरक ५४, म्हणजे नवाच्या पटीत. म्हणजे चूक घर सरकण्याची किंवा अंक उलटसुलट होण्याची असावी, हा सुगावाही लगेच मिळतो.

जुनी_वही:
सुरेख आहे, पण ८५ × ३५ हाच एक गुणाकार झाला की! ताळा करतानाच चूक व्हायची. अकरात फार तर दहा दाहे शंभर एवढंच गुणावं लागतं. सहावीतल्या मुलीसाठी दोन सोपे ताळेच बरे.

दुडक्या_चालीनं:
मला उलट वाटतं. उणे-अधिक करताना मुलं कुठून सुरू करायचं ते विसरतात आणि डावीकडून सुरू करतात. अंकांची संख्या सम असेल तर बाकीचं चिन्हच उलटतं आणि बरोबर उत्तर चूक ठरतं. जोड्यांत फक्त बेरीज आहे. (जोड्याही उजवीकडूनच पाडायच्या, हे खरं.)

खतावणीकर:
माझं मत या दोघींहून वेगळं. बेरीज असेल तर आम्ही एकदा वरून खाली करायचो आणि एकदा खालून वर. गुणाकारात तेच करा, संख्यांची अदलाबदल करा. ६२९ ला ४७३८ ने गुणा. ओळी तीनाच्या चार होतात, अंक वेगळे येतात, म्हणून तीच चूक त्याच जागी पुन्हा होत नाही. वेळ लागतो, पण बाकीत न दिसणारंही दिसतं.

तिरपी_रेघ:
पण घर सरकवायची सवयच असेल तर ती उलट गुणाकारातही सरकवणारच. फक्त दोन उत्तरं जुळणार नाहीत, आणि त्यांतलं कुठलं बरोबर तेही कळणार नाही.

खतावणीकर:
जुळली नाहीत हे कळलं तरी पुरे. पुन्हा करायला बसता येतं.

मोजपट्टी:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज मुलगी तेच गणित पुन्हा घेऊन बसली. या वेळी शून्य बरोबर दिलं, पण उत्तर २९८०१९३ आलं. नवाचा ताळा पुन्हा जमला, ५! अकराचा केला तर ३ − ९ + १ − ० + ८ − ९ + २ = −४, म्हणजे ७. हवे होते ५. तिनं स्वतःच चूक शोधली. पहिल्या ओळीत आठ नव्वे बहात्तरच्या जागी त्रेसष्ट धरले होते.

पण खडू, तुम्ही म्हणाला होतात की पाढा चुकला की नवाचा ताळा ओरडतो. इथे तर पाढाच चुकला आणि तो ओरडला नाही.

पाटीवरचा_खडू:
मी "बहुतेक वेळा" म्हटलं होतं, पण हा अपवाद तेव्हाच सांगायला हवा होता. नवाच्या पाढ्यात एक पायरी चुकली की फरक ९ चाच पडतो. बहात्तरचे त्रेसष्ट, चोपन्नचे पंचेचाळीस, नवाला सगळं सारखंच. गुणकात ९ असला की त्याची अख्खी ओळच नवाच्या पटीत असते. त्या ओळीत वरची संख्या वाचताना ४७३८ ऐवजी ४७३६ वाचली तरी ताळ्याला पत्ता लागणार नाही. म्हणून गुणकात ९ दिसला की ती ओळ हातानं पुन्हा तपासायला सांगा, किंवा अकराचा ताळा करायला सांगा.

मोजपट्टी:
सांगितलं. आता ती विचारतेय की ६२९ मध्ये ९ च्या जागी ८ असता तर काय, आणि वहीच्या मागच्या पानावर ४७३८ × ६२८ मांडून मुद्दाम चुका करत बसली आहे.